दिसलेली फाट आणि असलेली फाट: खांद्याच्या सोनोग्राफीचं एक प्रकरण

रुग्ण ५७ वर्षांचे, उजव्या हाताचे, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग, विरळणी, म्हणजे वर्षातले कित्येक आठवडे मांडवाखाली हात डोक्याच्या वर. उजवा खांदा पाच महिन्यांपासून दुखत होता. आधी फक्त काम करताना दुखायचा. पुढे रात्री त्या कुशीवर झोपता येईना. त्यातच बांधावरून पाय घसरून हात टेकला आणि त्यानंतर भरलेली बादली फळीवर ठेवणंही जमेना.

तपासणीत हात स्वतःहून बाजूने ९० अंशांपर्यंत वर जात होता आणि तिथे अडखळत होता. डॉक्टरांनी धरून वर नेला तर पूर्ण जात होता. या एका गोष्टीने खांदा आखडण्याचा आजार, म्हणजे फ्रोझन शोल्डर, जवळजवळ बाद झाला, कारण त्यात दुसऱ्याने नेला तरी हात अडतो. अंगठा जमिनीकडे करून हात पुढे-बाजूला धरायला सांगून वरून दाबलं, तेव्हा दुखलंच, शिवाय ताकदही कमी लागली. पोटावर तळवा दाबण्याची चाचणी मात्र दोन्ही बाजूंना सारखी होती. एक्स-रेमध्ये कॅल्शियमचा साठा नव्हता. दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर, ग्रेटर ट्यूबरॉसिटीवर, थोडा खडबडीतपणा होता.

सोबत दोन महिन्यांपूर्वीच्या सोनोग्राफीचा अहवाल होता. त्यात दोनच वाक्यं होती: सुप्रास्पायनेटस टेंडनच्या मागच्या भागात हाडाजवळ ६ मिलिमीटरची अर्धवट फाट, आणि बायसेप्सच्या टेंडनभोवती पाणी, म्हणून टेनोसिनोव्हायटिस, म्हणजे टेंडनच्या आवरणाची सूज. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, आणि सुप्रास्पायनेटस हा हात बाजूने वर उचलणारा स्नायू. त्यावर व्यायाम आणि गोळ्या सुरू होत्या. दुखणं थोडं कमी झालं, ताकद आली नाही. ६ मिलिमीटरच्या अर्धवट फाटीने इतकी ताकद जाणं पटत नव्हतं, म्हणून तपासणी पुन्हा करायचं ठरलं.

तयारी

प्रोब लिनिअर, १२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. खोली ३ ते ४ सेंटिमीटर, फोकस टेंडनच्या पातळीवर. सडपातळ माणसात टेंडन कातडीपासून दीड-दोन सेंटिमीटरवर भेटतं. अंगाने भरलेल्या व्यक्तीत किंवा खांद्याच्या मागच्या बाजूला काम करताना फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते, खोली ५-६ सेंटिमीटर करावी लागते. गेन, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, ठरवायची सोपी खूण अशी: दंडाच्या हाडाच्या गोलाकार डोक्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा कूर्चेचा थर असतो, तो काळा दिसला पाहिजे. तो करडा दिसत असेल तर गेन जास्त आहे, आणि अशा चित्रात बारीक फाटी भरून गेल्यासारख्या दिसतात.

यंत्र फक्त खांदे बघण्यासाठी घेतलं असलं तरी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली त्याची नोंदणी लागतेच. अस्थिरोग किंवा फिजिओथेरपी केंद्रात पोर्टेबल यंत्र आणायचा विचार असेल, तर प्रोबच्या किमतीआधी त्याची चौकशी करावी.

रुग्णाला पाठ न टेकता फिरत्या स्टुलावर बसवलं. स्टूल फिरतं असलं की तपासणाऱ्याला खांद्याभोवती घिरट्या घालाव्या लागत नाहीत. आधी डावा, न दुखणारा खांदा पाहिला. त्याने त्या माणसाचं टेंडन किती जाड आणि कितपत उजळ असतं याचं माप मिळतं. मात्र साठीच्या आसपास न दुखणाऱ्या खांद्यातही फाटी सापडतात, त्यामुळे दुसरी बाजू म्हणजे निरोगी बाजू असं धरून चालत नाही. इथे डावा खांदा धड होता: सुप्रास्पायनेटस साडेपाच मिलिमीटर जाड आणि वरून फुगीर.

सुरुवात बायसेप्सपासून

कोपर काटकोनात, हात मांडीवर, तळवा आभाळाकडे. प्रोब दंडाच्या पुढच्या बाजूला आडवा ठेवला की दोन उंचवट्यांमधली खाच दिसते आणि खाचेत बायसेप्सच्या लांब टेंडनचा उजळ अंडाकृती छेद. सगळी तपासणी इथून सुरू करायचं कारण असं की पुढे सुप्रास्पायनेटसमध्ये कुठे आहोत हे याच टेंडनपासूनच्या अंतराने ठरतं.

उजव्या बाजूला बायसेप्स खाचेत नीट बसलेलं होतं, तंतू शाबूत होते. प्रोब खाली सरकवला तसा त्याच्याभोवती काळ्या द्रवाचा वेढा दिसू लागला. द्रव बसल्या स्थितीत खाली साचतो, म्हणून खाचेचा खालचा भाग पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधीच्या अहवालातलं पाणी हेच. पण पाणी दिसलं म्हणून टेनोसिनोव्हायटिस होत नाही. बायसेप्सचं आवरण खांद्याच्या मुख्य सांध्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे सांध्यात पाणी झालं की ते इथे उतरतं. इथे प्रोब दाबल्यावर द्रव सहज बाजूला जात होता, आवरण जाड नव्हतं, दाबून दुखत नव्हतं, आणि डॉप्लरवर रक्तप्रवाहाचा एकच ठिपका होता, तोही खाचेच्या बाहेरच्या कडेला. तो ठिपका नेहमीच्या रक्तवाहिनीचा. ती प्रत्येक खांद्यात असते आणि नवख्याला हमखास सूज वाटते.

म्हणजे हे सांध्याचं पाणी होतं. नंतर खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूखालच्या पातळ पिशवीत, म्हणजे बर्सातही, थोडा द्रव सापडला. सांधा आणि बर्सा या दोन्ही जागा निरोगी खांद्यात टेंडनच्या पडद्याने वेगळ्या राहतात. दोन्हीकडे एकदम पाणी असेल तर पडद्याला आरपार भोक असण्याची शक्यता बरीच वाढते. तेवढ्यावरून निदान होत नाही, पण भोक सापडेपर्यंत प्रोब खाली ठेवायचा नाही एवढं त्यातून ठरतं.

पुढचं टेंडन, म्हणजे सबस्कॅप्युलॅरिस, पाहायला कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर वळवला. प्रोब आडवाच. टेंडन खवाट्याच्या पुढे आलेल्या कोराकॉइड हाडाच्या खालून बाहेर येतं आणि पुढच्या छोट्या उंचवट्यावर बसतं. वरची कड शाबूत होती आणि हात वळवताना बायसेप्स खाचेतून आत घसरत नव्हतं. याच टेंडनचा उभा छेद घेतला तर उजळ पट्ट्यांच्या मधे काळपट स्नायू दिसतो. ती रचनाच तशी आहे, तिला फाट म्हणू नये.

हात मागे, कोपर मागे

हात सरळ खाली लोंबत असताना सुप्रास्पायनेटसचा बराचसा भाग ॲक्रोमियन हाडाच्या छताखाली असतो. आवाजाच्या लहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे या स्थितीत दिसतो तो टेंडनचा शेवटचा तुकडा. आधीच्या अहवालातली चित्रं पाहिली तर ती याच स्थितीतली वाटत होती.

टेंडन छताबाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला क्रास यांच्या नावाने ओळखला जातो: हात पाठीमागे नेऊन पालथा पंजा विरुद्ध बाजूच्या खवाट्याकडे चढवायचा. टेंडन ताणून बाहेर येतं, पण बायसेप्स आत वळून दिसेनासं होतं आणि दुखऱ्या खांद्याला ते सोसतही नाही. दुसरा त्याचाच बदललेला प्रकार, आणि रोजच्या कामात हाच वापरावा. रुग्णाला सांगायचं, "काका, पँटच्या मागच्या खिशावर तळवा ठेवा, आणि आता कोपर मागे, कण्याकडे न्या." कोपर बाजूला फाकलं तर खांदा आत वळत नाही आणि टेंडनचा पुढचा भाग हाती लागत नाही, म्हणून तपासणाऱ्याने मोकळ्या हाताने कोपर मधे आणावं. हेही जमत नसेल तर तळहात स्टुलावर नितंबाशेजारी टेकवून हात थोडा मागे न्यावा, आणि अहवालात तसं लिहावं.

आता प्रोब. त्याचं आतलं टोक रुग्णाच्या कानाकडे, बाहेरचं टोक ग्रेटर ट्यूबरॉसिटीवर. हा तिरपेपणा साधारण ४५ अंशांचा. पण अंशांवर विसंबण्यापेक्षा एक पक्की खूण आहे: पुढे सरकत सरकत बायसेप्सचा सांध्यातला भाग लांब, सरळ उजळ पट्टीसारखा एका चित्रात आणायचा. सुप्रास्पायनेटसचे तंतू त्याला जवळजवळ समांतर असतात. बायसेप्स लांबीने दिसलं की कोन बरोबर आहे. तोच कोन धरून प्रोब मागे सरकवला की सुप्रास्पायनेटस लांबीने उलगडतं.

निरोगी टेंडन या छेदात कसं दिसतं ते डाव्या खांद्यावर स्पष्ट होतं. सगळ्यात वर कातडी आणि चरबी, त्याखाली डेल्टॉइडचा काळपट स्नायू. मग बर्साभोवतीच्या चरबीची उजळ रेघ, आणि तिच्या खाली बर्साची बारीक काळी रेघ, २ मिलिमीटरपेक्षा कमी. त्याखाली टेंडन: एकसारखं उजळ, आत समांतर बारीक रेघा, वरची कड बाहेर फुगलेली, आणि ट्यूबरॉसिटीकडे निमुळतं होत पक्ष्याच्या चोचीसारखं टेकलेलं. खाली कूर्चेचा काळा थर आणि हाडाची गुळगुळीत पांढरी रेघ. यातली सर्वात कमी लक्ष दिली जाणारी आणि सर्वात उपयोगी गोष्ट म्हणजे वरची फुगीर कड. उजळपणा कोनाप्रमाणे बदलतो, फुगीरपणा बदलत नाही.

काळा डाग

उजव्या बाजूला बायसेप्सपासून सुमारे २० मिलिमीटर मागे, टेंडन हाडाला चिकटतं तिथे काळा डाग दिसला. आधीच्या अहवालातली ६ मिलिमीटरची फाट हीच असावी.

टेंडनचे तंतू आरशासारखे वागतात. लहर काटकोनात पडली तर ती सरळ प्रोबकडे परतते आणि टेंडन उजळ दिसतं. काही अंशांनी तिरकी पडली की परत येणारी लहर प्रोबच्या बाहेर निघून जाते आणि धडधाकट टेंडन काळं पडतं. याला ॲनिसोट्रोपी म्हणतात. सुप्रास्पायनेटसचे तंतू शेवटच्या सेंटिमीटरभरात खाली वळून हाडात शिरतात, म्हणजे प्रोब वरच्या तंतूंना समांतर असेल तर हा वळणारा भाग आपोआप तिरका येतो. फाटी जिथे सर्वाधिक होतात नेमकी तीच ही जागा, म्हणून हा घोटाळा रोजचा.

पारख साधी आहे. प्रोब न सरकवता त्याचं बाहेरचं टोक कातडीत थोडं दाबायचं, म्हणजे त्याचा चेहरा वळणाऱ्या तंतूंना समांतर होतो. इथे तसं करताच डाग करडा झाला, आणखी थोडं दाबल्यावर उजळला, आत रेघा दिसू लागल्या. सोडल्यावर पुन्हा काळा. मग प्रोब ९० अंश फिरवून आडव्या छेदात तीच जागा पाहिली. तिथे टेंडन पूर्ण जाडीचं आणि वरची कड फुगीर. फाट असती तर कोन बदलला तरी काळी राहिली असती आणि दोन्ही छेदांत दिसली असती. मागच्या भागातली अर्धवट फाट अशी निकालात निघाली.

यंत्रात लहरी अनेक कोनांतून सोडण्याची सोय असते. ती चालू असेल तर हा भास कमी होतो, संपत नाही.

करडा भाग

खरी गोष्ट पुढे होती, आणि ती काळी नव्हती म्हणूनच निसटली असावी.

बायसेप्सच्या लगेच मागे ३-४ मिलिमीटर रुंदीची तंतूंची पट्टी उजळ आणि शाबूत होती. तिच्या मागे ट्यूबरॉसिटीवर टेंडनच्या जागी करडा ऊतक होता. पहिल्या नजरेला जागा भरलेली वाटावी इतपत तो उजळ होता. पण चार गोष्टी खटकत होत्या. आत समांतर रेघा कुठल्याच कोनात उमटत नव्हत्या. वरची कड फुगीर नसून सपाट होती, मधे किंचित खोलगट, आणि चरबीची उजळ रेघ तिथे खाली झुकलेली. खालच्या हाडाची रेघ तुटक होती, बारीक खड्डे पडलेले. आणि कूर्चेच्या काळ्या थरावर एक ठळक, बारीक पांढरी रेघ उठून दिसत होती. कूर्चेवर टेंडनचं पांघरूण असतं तेव्हा ही रेघ एवढी तीव्र नसते. वर द्रव किंवा सैल ऊतक असला की लहरी सहज खाली जातात आणि कूर्चेचा पृष्ठभाग उजळून निघतो.

मग प्रोबने दाब दिला. धड टेंडन दाबाने चपटं होत नाही. इथे करडा ऊतक प्रोबखालून आत-बाहेर सरकला, त्यात बारीक कण हलताना दिसले, आणि डेल्टॉइड खाली येऊन जवळजवळ कूर्चेला टेकला. दाब काढल्यावर ऊतक परत जागेवर. हा टेंडन नव्हता. फाटीच्या पोकळीत साचलेला घट्ट द्रव आणि जाड झालेल्या बर्साचं अस्तर होतं ते. जुन्या फाटी अशाच भरतात. चित्र गोठवून पाहणाऱ्याला त्या कळत नाहीत, कारण ही हालचाल स्थिर चित्रात उतरत नाही. अशा वेळी छोटी क्लिप साठवून ठेवावी.

प्रोब आत, मानेच्या दिशेला सरकवल्यावर टेंडनचं तुटलेलं टोक सापडलं: थोडं गोलसर, जाड झालेलं, ट्यूबरॉसिटीच्या कडेपासून १७ मिलिमीटर आत. ते ॲक्रोमियनच्या सावलीत शिरलं नव्हतं म्हणून मोजता आलं. टोक छताखाली गेलं असतं तर किती मागे गेलं हे सोनोग्राफीने सांगता आलं नसतं, आणि अंदाजे आकडा देण्यापेक्षा ‘टोक दिसत नाही’ असं लिहिणं योग्य ठरलं असतं.

रुंदी मात्र आडव्या छेदात मोजायची. प्रोब ९० अंश फिरवला. चित्रात पुढून मागे असा क्रम दिसला: बायसेप्सचा अंडाकृती छेद, शाबूत पट्टी, मग १४ मिलिमीटरची दरी, आणि तिच्या मागे पुन्हा भरदार टेंडन. इथे दोन ठिकाणी चूक होते. बायसेप्स आणि सुप्रास्पायनेटस यांच्या मधे रोटेटर इंटर्व्हल नावाची नैसर्गिक फट असते. ती फाटीत धरली तर आकडा उगाच वाढतो. दुसरं, प्रोब बाहेरच्या बाजूला जास्त सरकला की टेंडन संपतं आणि हाडावर थेट डेल्टॉइड दिसतो. ते पाहून अख्खं टेंडन गेलं असं वाटू शकतं. खाली कूर्चेचा काळा थर दिसतोय याची खात्री करूनच माप घ्यावं.

१४ मिलिमीटर हे माप हात मागे, टेंडन ताणलेलं असतानाचं आहे. ताणाने फट थोडी रुंदावते. म्हणून मापाशेजारी हाताची स्थिती लिहायची, नाहीतर सहा महिन्यांनी दुसऱ्या स्थितीत घेतलेलं माप पाहून फाट वाढली की कमी झाली यावर नाहक चर्चा होते.

अर्धवट फाट असती तर

ही फाट वरपासून खालपर्यंत गेलेली होती, म्हणून पूर्ण जाडीची. पूर्ण जाडी म्हणजे पूर्ण रुंदी नव्हे, हा घोळ अहवालात आणि रुग्णाच्या मनात सारखा होतो. इथे टेंडनच्या रुंदीचा एक भागच गेला होता, पण तिथे तो आरपार गेला होता.

अर्धवट फाट सांध्याच्या बाजूला असेल तर कूर्चेलगत, हाडाला चिकटण्याच्या जागी काळी चीर दिसते आणि तिच्या वरचे तंतू शाबूत असतात. वरची कड त्यामुळे फुगीरच राहते. बर्साच्या बाजूची फाट याच्या उलट: कडेवर खाच, चरबीची रेघ तिथे आत दबलेली, खालचे तंतू ठीक. टेंडनच्या पोटातली चीर दोन्ही कडांना पोहोचत नाही. आणि नुसतं झिजलेलं टेंडन, टेंडिनोसिस, हे जाड, ठिगळाठिगळाचं काळपट दिसतं, पण त्यात खंड नसतो आणि दाबल्यावर पोकळी सापडत नाही. टेंडिनोसिस आणि बारीक अर्धवट फाट यांच्यातली सीमा अनुभवी माणसालाही दरवेळी आखता येत नाही. तिथे खात्रीचा आव आणण्यात अर्थ नाही. पूर्ण जाडीच्या फाटीबाबत सोनोग्राफी एमआरआयच्या बरोबरीने उभी राहते, अर्धवट फाटीत दोघींचीही खात्री उतरते.

मागची बाजू आणि स्नायू

उजवा तळवा डाव्या खांद्यावर ठेवायला सांगून प्रोब मागून, खवाट्याच्या आडव्या कण्याखाली ठेवला. मागचं टेंडन, इन्फ्रास्पायनेटस, ट्यूबरॉसिटीच्या मधल्या पैलूपर्यंत शाबूत होतं. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस जिथे एकमेकांत मिसळतात तिथे तंतूंच्या दिशा वेगळ्या असल्याने काळे-उजळ पट्टे दिसतात. तिथेही प्रोबचा कोन बदलून पाहिला, पट्टे जागा बदलत होते. मुख्य सांध्याच्या मागच्या कोपऱ्यात, हात बाहेर वळवल्यावर, थोडं पाणी दिसलं. बायसेप्सजवळच्या पाण्याशी ते जुळत होतं.

मग जी पायरी घाईत वगळली जाते ती. प्रोब खांद्याच्या वर, खवाट्याच्या कण्याच्या पुढच्या खळगीत आणून सुप्रास्पायनेटसच्या मांसल भागाचा छेद घेतला. वर ट्रॅपिझियस हा पाठीचा स्नायू, खाली खळगीत सुप्रास्पायनेटस. स्नायू सुकत चालला असेल तर तो लहान होतो, वरची कड खोलगट होते. त्यात चरबी भरली की तो ट्रॅपिझियसपेक्षा उजळ दिसतो आणि मधलं टेंडन आसपासच्या उजळपणात हरवतं. इथे स्नायू किंचित उजळ होता, पण मधलं टेंडन स्पष्ट ओळखू येत होतं. फाट किती मोठी आहे याइतकंच हे सर्जनला हवं असतं, कारण चरबीने भरलेल्या स्नायूचं टेंडन शिवलं तरी टाके धरण्याची शक्यता कमी आणि ताकद परतण्याचीही.

अहवाल

लिहिलेला मजकूर असा होता: ‘उजवं सुप्रास्पायनेटस: पूर्ण जाडीची फाट. बदललेल्या क्रास स्थितीत पुढून मागे १४ मिलिमीटर, टोक १७ मिलिमीटर आत. फाट बायसेप्सच्या मागे सुमारे ४ मिलिमीटरवर सुरू होते, पुढच्या कडेची पट्टी शाबूत. ट्यूबरॉसिटीवर हाडाचा खडबडीतपणा. सांध्यात आणि बर्सात अल्प द्रव. बायसेप्स जागेवर, तंतू शाबूत, टेनोसिनोव्हायटिस नाही. सबस्कॅप्युलॅरिस, इन्फ्रास्पायनेटस शाबूत. सुप्रास्पायनेटसच्या स्नायूत अल्प उजळपणा, मधलं टेंडन स्पष्ट.’

रुंदी १ ते ३ सेंटिमीटरच्या दरम्यान म्हणजे मध्यम आकाराची फाट. पुढच्या पट्टीचा वेगळा उल्लेख मुद्दाम केला. टेंडनच्या पोटातून आडवा जाणारा जाड तंतूंचा पट्टा पुढच्या बाजूला तिथेच नांगरलेला असतो आणि ताण बराचसा तोच वाहतो. तो तुटला की टोक झपाट्याने मागे जातं. हात ९० अंशांपर्यंत तरी उचलला जात होता, त्यात या पट्टीचा हात असावा.

सर्जननी एमआरआय करवून घेतला. फाट आहे की नाही हा प्रश्न आता नव्हता, स्नायूतल्या चरबीची श्रेणी आणि कूर्चेखालच्या हाडाची स्थिती हवी होती. हाडाच्या आतलं आणि सांध्याच्या कडेची लॅब्रमची बहुतेक रचना सोनोग्राफीला दिसत नाही. एमआरआयमध्ये चरबी अल्प निघाली. वय ५७, हाताने करायचं काम, पडल्यानंतर गेलेली ताकद, टोक अजून आवाक्यात, हे पाहून दुर्बिणीने टेंडन शिवायचं ठरलं. शस्त्रक्रियेत फाट पुढून मागे १५ मिलिमीटर भरली, पुढची पट्टी शाबूत होती आणि मागच्या भागात कसलीच फाट नव्हती.

शिवल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. शिवलेलं टेंडन ७ मिलिमीटर जाड, ठिकठिकाणी काळपट, रेघा अस्पष्ट, मधे टाक्यांचे उजळ ठिपके, आणि हाडात टाके रोवून धरणाऱ्या अँकरच्या जागी खड्डे. आधी न पाहिलेल्या माणसाने याला सहज टेंडिनोसिस किंवा अर्धवट फाट म्हटलं असतं. शिवलेलं टेंडन कित्येक महिने असंच दिसतं आणि पुढे हळूहळू उजळत जातं. पुन्हा फाटलं असं म्हणायला खंड दिसावा लागतो, म्हणजे दाबल्यावर मिटणारी किंवा डेल्टॉइड आत घेणारी पोकळी, किंवा हाडापासून सुटलेलं टोक. प्रोबने दाबून, दोन्ही छेदांत पाहिलं तेव्हा तसं काही नव्हतं, आणि वरची कड फुगीर होती. बागेतलं डोक्यावरचं काम आणखी तीन महिने नको, असं सांगून पुढची तपासणी सहाव्या महिन्याला ठेवली.